‘तोही हसतोच की!’

मॅडम, माझा मुलगा आठवीत आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठी. वर्गात एकदा तो ‘माझा वही’ म्हणाला, तेव्हापासून पोरं त्याला तेच म्हणून चिडवायलेत. आता वर्गातल्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात त्याच्या तोंडाचं स्टिकर करून खाली ‘माझा वही’ लिहिलंय. ट्यूशनला वाचतानाचा आवाज रेकॉर्ड करून तोही टाकलाय. मी विड्या वळते, त्यावरूनही बोलतात. सकाळी पोटात दुखतंय म्हणतो. वर्गशिक्षक म्हणाले, पोरांची चेष्टा आहे, तोही हसतोच की. ह्यांनी त्याचा फोन काढून घेतला आणि ‘एकदा दोन कानाखाली ठेवून दे’ म्हणाले. शाळा बदलू का?
— एक आई, पूर्व भाग, सोलापूर

ताई, शाळा बदलायचं आज ठरवू नका. त्याबद्दल पुढे बोलते. आधी सरांचं ‘तोही हसतोच की’ हे वाक्य घेऊ, कारण तुमचं सगळं तिथंच अडलंय.

चेष्टा कुठं संपते आणि छळ कुठं सुरू होतो, हे ओळखायच्या तीन खुणा आहेत. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी १९७० च्या दशकापासून शाळांतल्या दादागिरीचा अभ्यास केला, त्यातून त्या आल्या. मुद्दाम दुखावणं, ते पुन्हा पुन्हा होणं आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसणं. या ताकदीला दंडातलं बळच लागतं असं नाही. वर्गातले बहुतेक एका बाजूला आणि एक पोरगा दुसऱ्या बाजूला, एवढं पुरतं. ज्या भाषेवरून चिडवतात ती भाषा समोरच्याची घरची आणि आपली शाळेत शिकलेली, तर तेवढ्यानंही पारडं झुकतं. फोनवर तर ‘पुन्हा पुन्हा’चा हिशोबच बदलतो. स्टिकर एकानं एकदाच बनवलं, पण ज्यांनी सेव्ह करून ठेवलंय त्या प्रत्येकाच्या बोटाशी ते आहे. रात्री अकरालाही कुणीतरी ते टाकतो. पूर्वी शाळेचं फाटक ओलांडलं की त्या दिवसापुरतं संपायचं, आता ते उशाशी येऊन बसतं.

आता हसण्याचं. असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता, त्यानं फोन दाखवला. स्वतःच्या फोटोची केलेली थट्टा, आणि त्याखाली पहिली हसरी इमोजी त्याचीच. मी विचारलं, तू का हसलास रे? तो म्हणाला, ‘नाही हसलो की जास्त करतात.’ मला एवढंच उत्तर पुरलं. ज्याच्याजवळ दुसरा उपाय नाही तो हसून वेळ मारून नेतो. सरांना हे सांगताना भांडणाच्या सुरात सांगू नका. त्यांनी हसू पाहिलं, तुम्ही सकाळचं पोट पाहता. दोघांनी आपापलं पाहिलेलं एकत्र ठेवायचंय.

त्यासाठी एक वही घ्या आणि दोन आठवडे रोज चार गोष्टी लिहा: सकाळी पोट दुखलं का, रात्री झोप कशी लागली, डबा किती संपला आणि पाण्याची बाटली किती भरलेली परत आली. बाटलीचं ऐकून नवल वाटेल. छळ होणारी काही मुलं मधल्या सुट्टीत मुतारीकडे जायचं टाळतात, कारण तिथं शिक्षक नसतात. जायला लागू नये म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाहीत. बाटली जशीच्या तशी परत आली, तर शाळेत त्याला कुठंतरी भीती वाटते असं समजून पुढं विचारा. सुट्टीच्या दिवसांचीही नोंद ठेवा. गेल्या वर्षी एका आईनं आणलेल्या वहीत शाळेच्या बारा दिवसांपैकी आठ दिवस पोटदुखी होती आणि सुट्टीच्या दोन्ही दिवशी एकदाही नव्हती. त्या आठ दिवसांकडे वेळापत्रक घेऊन पाहिलं, तर त्यातल्या सहा दिवशी एक ऑफ तास होता. वर्गात बाई नसायच्या तेव्हाच सगळं घडत होतं. हे त्या मुलीनं कुणाला सांगितलं नव्हतं, वहीनं सांगितलं.

पण पोटदुखीला नाटक म्हणू नका. ती खरी असते, भीतीनं आतडं खरोखर आवळतं. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, म्हणजे दुसरं काही नाही ना ते कळेल आणि त्यालाही वाटेल की आईनं माझं खरं मानलं.

त्याच्याशी बोलायचं कधी? समोर बसवून, डोळ्यांत बघून विचारलंत तर तो ‘काही नाही’ म्हणेल. तुम्ही मांडीवर सूप घेऊन पानं कापत असाल, तो शेजारी काहीतरी करत बसला असेल, तेव्हा विचारा. हात कामात असले की पोरं बोलतात. ‘आधी का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न टाळा. विचारायचं ते असं: कधीपासून चाललंय, आठवड्यातून किती वेळा, कुठं जास्त होतं, कोण सुरू करतं, कोण हसतं, आणि कुणी एकजण तरी तुझ्या बाजूनं असतो का? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एक मित्र असलेला मुलगा आणि एकही नसलेला मुलगा यांना तोच त्रास सारखा लागत नाही.

या बोलण्यात दोन गोष्टींकडे कान ठेवा. एक म्हणजे तो स्वतःलाच दोष देतोय का. ‘माझंच मराठी खराब आहे’, ‘आपण तेलुगू कशाला बोलतो’, ‘तू शाळेत येऊ नको’, असं काही आलं तर जखम आत गेलीय असं समजा. शेवटचं वाक्य ऐकून तुम्हाला रडू येईल. पण त्याला आईची लाज वाटते असा त्याचा अर्थ लावू नका, तुमच्यावरून कुणी बोललेलं त्याला ऐकवत नाही म्हणून तो तसं म्हणतो. तेव्हा एवढंच म्हणा, ‘बरं, फाटकाच्या बाहेर थांबेन.’

दुसरी गोष्ट सरळ विचारा: ‘कधी असं वाटतं का, की आपण नसतो तर बरं झालं असतं? जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं डोक्यात तसलं काही शिरतं ही समजूत चुकीची आहे, उलट विचारल्यानं मुलाला सुटल्यासारखं होतं. तो हो म्हणाला, किंवा गप्प राहून मान खाली घातली, तर वही, शाळा, सर सगळं बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या. रात्र असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तो फुकट आहे आणि चोवीस तास चालतो.

तसं काही नसेल, पण दोन आठवड्यांनंतरही वहीतलं चित्र तेच असेल, तर समुपदेशकाकडे जा. तिथं बहुधा तुम्हाला, सरांना आणि मुलाला वेगवेगळी प्रश्नावली भरायला देतील. पंचवीस प्रश्नांची एक प्रश्नावली त्यासाठी बरीच वापरली जाते. तिच्या पुरवणीत विचारतात की त्रासाचा घर, मैत्री, अभ्यास आणि खेळ यांवर किती परिणाम झालाय. काय घडलं यापेक्षा त्यानं मुलाचं काय काय बंद पाडलं, यावरून त्रासाचं वजन कळतं. दोन मुलांना तेच नाव ठेवलं, एक संध्याकाळी क्रिकेटला जातो आणि एकानं बॅट माळ्यावर टाकली, तर काळजी दुसऱ्याची जास्त करायची.

आता फोन. त्याच्या बाबांनी तो रागानं नाही, काळजीनं घेतला हे मला दिसतं. पण मुलाच्या हिशोबात काय झालं बघा: त्रास दुसऱ्यांनी दिला, सांगितलं मी, आणि शिक्षा मलाच. पुढच्या वेळी काही झालं तर तो सांगणार नाही. ग्रुपमध्ये तर सगळं चालूच आहे, फक्त आता ते त्याला दिसत नाही आणि सकाळी वर्गात शिरताना रात्री काय झालं ते ठाऊक नसतं. ती धास्ती आणखी वाईट. म्हणून फोन परत द्या. रात्री नऊनंतर तो तुमच्या खोलीत चार्जिंगला, एवढा नियम पुरे, आणि तो घरातल्या सगळ्यांच्या फोनला लावा.

फोन परत दिल्यावर दोघांनी मिळून पुरावा जमवा. स्क्रीनशॉट असा घ्या की त्यात ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचं नाव किंवा नंबर आणि वेळ दिसेल. आवाजाची फाइल सेव्ह करा, रागानं काही डिलीट करू नका. त्यानंतर ग्रुप म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकायचा. ग्रुप सोडायला मी लगेच सांगत नाही. गृहपाठ, सहलीचे निरोप तिथंच येतात, आणि ‘पळाला’ म्हणून नवा विषय मिळतो. उत्तर मात्र काहीच द्यायचं नाही. ग्रुपचा ॲडमिन कुणाचाही मेसेज सर्वांसाठी डिलीट करू शकतो, म्हणून ॲडमिन कोण आहे ते बघून ठेवा, शाळेत ते नाव लागेल. एक खरं सांगते, ज्यांनी स्टिकर सेव्ह केलंय त्यांच्या फोनमधून ते ॲडमिनला काढता येत नाही. त्यासाठी वर्गातच काम करावं लागतं.

कानाखाली ठेवून द्यायचं म्हणाल, तर तसं झालेली प्रकरणं मी पाहिलीत. महिनोन् महिने चिडवलं ते कुणी पाहिलेलं नसतं, ती एक थप्पड सगळे पाहतात. मुख्याध्यापकांपुढे उभा राहतो तो तुमचाच मुलगा. ‘दुर्लक्ष कर’ हेही सांगू नका, इतके दिवस तो तेच करतोय. त्याला एक लहान वाक्य द्या आणि ते घरी बाबांबरोबर म्हणून बघू दे: ‘हे मला आवडत नाही, बंद कर.’ एवढं म्हणायचं आणि जिथं मोठं माणूस किंवा मित्र आहे तिकडं चालू लागायचं. पहिल्यांदा म्हणताना आवाज कापेल, मान खाली जाईल. दहादा म्हटलं की जमतं. बाबांना त्याला धीटच करायचंय ना, मग हे काम त्यांच्याकडेच द्या.

आता वर्ग, आणि इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण खरा उपाय इथंच आहे.

शाळा सहसा दोन गोष्टी करतात. एक, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना झापणं. त्यानं तक्रार कुणी केली ते सगळ्यांना कळतं. दुसरी, दोघांना ऑफिसात बोलावून ‘हात मिळवा, मित्र व्हा’. हे भांडणाला चालतं, छळाला नाही. भांडणात दोघं बरोबरीचे असतात. इथं एकजण घाबरलेला असतो, तो साहेबांपुढे हात मिळवतो आणि बाहेर आल्यावर दुप्पट भोगतो. मी एका शाळेत हे होऊ दिलं होतं, बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनी त्या हात मिळवण्याचंच स्टिकर केलं. त्या मुलाची मी नंतर माफी मागितली.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टीना साल्मिवाल्ली यांनी १९९६ साली सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिलं की छळात सगळा वर्ग सामील असतो, फक्त प्रत्येकाची जागा वेगळी असते. एक सुरू करतो, दोघंतिघं त्याला साथ देतात, काही हसून हवा देतात, काही त्रास होणाऱ्याची बाजू घेतात आणि बरेचजण बघत राहतात. तुमच्या मुलाच्या ग्रुपात बघा. स्टिकर बनवणारा एक असेल, पुढे ढकलणारे तीन-चार, हसणारे दहाएक. बाकीचे गप्प. त्या गप्प मुलांना एकेकटं विचारलं तर अनेकजण सांगतात की आपल्याला हे पटत नाही. पण गप्प बसल्यामुळे करणाऱ्याला वाटतं की सगळा वर्ग माझ्यामागे आहे, आणि तुमच्या मुलालाही तेच वाटतं. करणाऱ्याची कमाई म्हणजे हसू. ती बंद पडली की धंदा फार दिवस चालत नाही.

म्हणून सरांकडे वही आणि स्क्रीनशॉट घेऊन जा, शाळा सुटल्यावर, वेळ मागून. त्यांना हे करता येईल. बनवणारा आणि पुढे ढकलणारे, या सगळ्यांना एकाच दिवशी, पण एकेकट्याला बोलवायचं, म्हणजे आपसात ठरवायला वेळ मिळत नाही. प्रत्येकाशी पाचदहा मिनिटं. ‘हे झालंय, मला माहीत आहे, ते आज थांबायला हवं. तू त्यासाठी काय करशील?’ एवढंच. कुणी सांगितलं ते काढायचं नाही. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं लिहून घ्यायचं: स्टिकर फोनमधून काढेन, ग्रुपवर कुणी टाकलं तर हसणार नाही. आठवड्यानं परत बोलवून विचारायचं. ही दुसरी भेट राहून जाते आणि तिथंच काम फसतं. दोन आठवडे शांत जातात, मग कुणीतरी हळूच चाचपून बघतो.

त्याच आठवड्यात सरांनी वर्गात ज्यांचं ऐकलं जातं अशा दोनतीन मुलांना वेगळं गाठून सांगावं: याच्या बाकावर बसा, डबा खाताना त्याला बोलवा. फिनलंडच्या शाळांत याच संशोधनावर उभा राहिलेला ‘किवा’ नावाचा कार्यक्रम आहे, त्यातही असंच करतात. ही मुलं सरांनी नीट निवडायला हवीत. नुसती हुशार मुलं नकोत, ज्यांना इतर मुलं मानतात अशी हवीत. कबड्डीच्या टीमचा कॅप्टन शेजारी बसला तर बोलणाऱ्याची जीभ आपोआप आवरते.

आणखी एक, हे सरांना हळुवारपणे सांगा. ‘माझा वही’ची सुरुवात वर्गात मोठ्यानं केलेल्या दुरुस्तीतून झाली असेल. तेलुगूत मराठीसारखं लिंग चालत नाही. तो, ती, ते असं प्रत्येक निर्जीव वस्तूला लावणं घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाला वेगळं शिकावं लागतं. ही चूक बुद्धीची नाही, दोन भाषांच्या सांध्यावरची आहे. सरांनी ती सगळ्यांपुढे न उचलता वहीत लाल खूण करून दाखवावी, आणि काही आठवडे त्याला एकट्याला उभं न करता जोडीनं वाचायला लावावं. आपल्या पूर्व भागातल्या वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशी घरं एकत्र बसतात. त्यावर एखादा तास जरूर घ्यावा. पण तुमच्या मुलाला उभं करून ‘बोल बरं जरा तेलुगू’ असं मात्र करू नये, त्यानं तो पुन्हा तमाशाच होईल.

ट्यूशनच्या बाईंनाही सांगा. आवाज तिथं रेकॉर्ड झालाय, म्हणजे तिथं फोन उघडे असतात.

सरांनी मनावर घेतलं नाही, तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. तारखा आणि स्क्रीनशॉट जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत ‘सखी सावित्री समिती’ असावी असा राज्य शासनाचा २०२२ चा निर्णय आहे. अर्जात लिहा की हा विषय समितीपुढे ठेवावा. तोंडी तक्रार विसरली जाते, पोच असलेला कागद फायलीत राहतो.

स्टिकर बनवणाऱ्या मुलाच्या घरी थेट जाऊ नका, त्याच्या बाबांना फोनही नको. तसं केलं की दोन घरांचं भांडण होतं आणि मुलांचा विषय मागे पडतो. भेट शाळेत, सरांसमोर व्हावी. तिथं ‘तुमचा मुलगा गुंड आहे’ म्हणू नका. स्क्रीनशॉट ठेवा, सकाळच्या पोटदुखीबद्दल सांगा आणि म्हणा, ‘हे थांबायला तुमची मदत पाहिजे.’ त्या मुलाला घरी बडवून काढलं तर तो त्याचा राग तुमच्याच मुलावर काढेल, हे सरांनी त्या आईवडिलांना आधीच सांगावं. त्याला जे करायला लावायचं ते नेमकं असावं: स्टिकर आणि आवाज स्वतः डिलीट करणं, आणि ग्रुपवर एक ओळ लिहिणं की हे मी बनवलं होतं, कुणी टाकू नका.

तुमच्या घरातही बघा. मोठी बहीण किंवा काका कधी गमतीनं ‘माझा वही’ म्हणतात का? म्हणत असतील तर ते आजच बंद व्हायला हवं. घरी तेलुगू बोलणं मात्र सोडू नका. या प्रकरणात ते सोडलंत, तर पोरं बरोबर होती असंच त्याला वाटेल.

एक हद्द सांगून ठेवते. कुणी त्याचा उघडा फोटो टाकला, किंवा त्याचं तोंड घाणेरड्या चित्राला जोडलं, तर तो शाळेपुरता विषय राहत नाही. तसलं चित्र पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला फॉरवर्ड करू नका, लहान मुलाचं असलं चित्र पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. फोन तसाच घेऊन पोलिसांकडे जा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करा. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवरही मदत मिळते. आज तुमच्याकडे जे आहे त्याला पोलीस लागत नाहीत, आणि त्यांची धमकीही देऊ नका.

आता तुमचा प्रश्न. शाळा बदलली तरी फोन तोच असतो आणि ट्यूशन तीच. स्टिकर त्याच्याआधी नव्या वर्गात पोहोचू शकतं. त्यापेक्षा मोठं म्हणजे, जायला लागलं ते मलाच, हे तो मनात धरून बसेल. म्हणून सरांशी बोलल्यापासून सहा आठवडे द्या आणि वही चालू ठेवा. सहा आठवड्यांनी पोटदुखी तेवढीच असेल, शाळेनं दुसरी भेट घेतलीच नसेल, किंवा शिक्षकच त्याच्यावर हसत असतील, तर बदला, मी तुमच्या बाजूनं बोलेन. तेव्हा मात्र नवी शाळा बघायला त्याला बरोबर न्या आणि निवडताना त्याचं मत घ्या.

सुरुवात सोमवारपासून करा. संध्याकाळी दप्तरातून बाटली काढाल, तेव्हा धुण्याआधी उजेडात धरून बघा, पाणी कुठवर आहे ते, आणि वहीत लिहा.